डोंगरउतारावरची नळयोजना आणि बीपीटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात बसून मेळघाटातल्या गुरुत्व योजनांची अंदाजपत्रके करताना आणि नंतर त्या योजना दुरुस्त करायला जाताना सरपंच, प्लंबर आणि नवे अभियंते यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे. त्यातले आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

बीपीटी म्हणजे नेमके काय?

ब्रेक प्रेशर टँक, म्हणजे दाब तोडणारी टाकी. उतारावरून येणारी पाइपलाइन मध्येच एका छोट्या उघड्या टाकीत सोडायची आणि त्या टाकीतून पुढे नवी पाइपलाइन सुरू करायची, एवढेच ते आहे. टाकीतल्या पाण्याला वरून हवा लागते, त्यामुळे तिथे दाब शून्य होतो. पुढच्या पाइपला आता डोंगरमाथ्यावरचा झरा दिसतच नाही, त्याला फक्त ही टाकी दिसते.

नागपूर शहरात वाढलेल्या माणसाला हे पटकन पटत नाही, कारण आपल्याकडे सगळी धडपड दाब वाढवण्याची असते. सपाट गाव, त्यामुळे उंच टाकी बांधा, पंप लावा, तरी तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. डोंगरात दुखणे उलटे आहे.

एक गफलत आधीच टाळू. आपल्याकडच्या योजनांच्या नकाशात पंपाची चढती वाहिनी जिथे टेकडीच्या माथ्यावर संपते आणि पुढे पाणी आपोआप उतरू लागते, तिथल्या टाकीलाही बीपीटीच म्हणतात. नाव तेच, पण तिचे काम वेगळे. इथे आपण फक्त उतारावरच्या टाक्यांबद्दल बोलतो आहोत.

पाणी वाहत असताना गेजवर दाब कमीच दिसतो. मग एवढी भीती कशाची?

वाहत्या पाण्याचा थोडा दाब घर्षणात खर्च होतो, म्हणून गेज कमी दाखवतो. रात्री गावातली टाकी भरली, खालचा व्हॉल्व्ह बंद झाला आणि पाणी उभे राहिले की घर्षण संपते आणि पूर्ण उंचीचा भार पाइपवर येतो. हाच स्थिर दाब. हिशेब शाळकरी आहे: १० मीटर उंचीला १ किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १ किलो. पाइप २०० मीटर खाली उतरला असेल, तर तळाला २० किलो.

म्हणून पाइप फुटल्याची तक्रार बहुधा सकाळी येते. लोक म्हणतात, रात्री कोणी तोडला काय. कोणी तोडलेला नसतो. रात्री नळ बंद होते, एवढेच.

जाड व्यासाचा पाइप टाकला तर दाब विभागला जाईल ना?

नाही. उभ्या पाण्याचा दाब फक्त उंचीवर ठरतो. पाइप बोटाएवढा असो की मांडीएवढा, लांबी एक किलोमीटर असो की पाच, १०० मीटर खाली १० किलोच.

मग वरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवू?

अर्ध्या बंद व्हॉल्व्हने प्रवाह कमी होतो. प्रवाह पूर्ण थांबला की त्या अर्ध्या फटीतूनही दाब हळूहळू पूर्ण खाली पोचतो. पाणी उभे असताना अर्धा उघडा व्हॉल्व्ह आणि पूर्ण उघडा व्हॉल्व्ह यांत फरक उरत नाही. वरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तर दाब जातो हे खरे, पण मग खाली उतरणारे पाणी पाइपमध्ये पोकळी करते आणि सांध्यांतून हवा, कधी गाळही आत ओढते. त्यामुळे प्रवाह आवरायचा व्हॉल्व्ह प्रत्येक टप्प्याच्या शेवटी, टाकीच्या तोंडाशी हवा. तेव्हा वरचा पाइप भरलेला राहतो.

टाक्या किती लागतील आणि कुठे बसवायच्या?

इथे थोडे थांबून बोलू, कारण चुका इथेच होतात.

आपले उदाहरण असे. झऱ्यावरचा चेंबर ८६० मीटर पातळीवर आहे. गावातली टाकी ६५५ मीटरवर, आणि तिच्यात पाणी वरून पडते ते तोंड ६५८ वर. पाइपची लांबी ३,१०० मीटर. गाव साधारण ४०० माणसांचे. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने दिवसाला २२,००० लिटर, म्हणजे चोवीस तासांत विभागले तर सेकंदाला पाव लिटर. पुढची वाढ आणि गळती धरून आपण अर्धा लिटर धरू. पाइप पीई १०० जातीचा काळा एचडीपीई, पीएन १०.

पहिला मोह असतो भागाकाराचा. ८६० मधून ६५५ वजा केले की २०५ मीटर, तीन टप्पे केले की प्रत्येकी ६८. म्हणजे टाक्या ७९२ आणि ७२३ वर. कागदावर छान दिसते. पण जमीन गावाच्या टाकीपाशी सरळ उतरत नाही. आधी ती नाल्यात ६४० पर्यंत जाते आणि मग १५ मीटर चढून गावात येते. स्थिर दाब टप्प्याच्या शेवटी मोजायचा नसतो, टप्प्यातल्या सर्वांत खोल जागी मोजायचा असतो. ७२३ वजा ६४० म्हणजे ८३ मीटर. आपण मर्यादा ७५ धरली आहे (ती का, ते पुढे). म्हणून दुसरी टाकी ७१५ वर सरकते आणि नाल्यात बरोबर ७५ मीटर दाब राहतो. तिथून गावाच्या टाकीच्या तोंडापर्यंत ५७ मीटर उतार उरतो. तो पुरेसा आहे.

आता पहिली टाकी. ७१५ च्या वर ७५ मोजले तर ती ७९० पर्यंत कुठेही चालेल. झऱ्याच्या खाली ७५ मोजले तर तिला ७८५ च्या खाली जाता येत नाही. म्हणजे ७८५ ते ७९० एवढी पाच मीटरचीच पट्टी हाती आहे. त्या पट्टीत सपाट आणि पक्का खडक ७८५ वर, झऱ्यापासून ९०० मीटरवर सापडला. पण त्यापुढे लाइन ७६० पर्यंत उतरते आणि १,२५० मीटरवर एका खिंडीत ७८१ पर्यंत पुन्हा चढते. टाकी ७८० वर ठेवली असती तर पाणी खिंड ओलांडलेच नसते, कितीही उतार पुढे असू दे. ७८५ वर ठेवल्यावर खिंडीसाठी फक्त ४ मीटर मिळतात. ४० मिलिमीटरच्या पाइपमध्ये अर्धा लिटर प्रवाहाला किलोमीटरमागे साधारण १० मीटर घर्षण लागते, म्हणजे या ३५० मीटरमध्ये साडेतीन मीटरच्या आसपास. चारातले साडेतीन गेले की उरते काय? ६३ मिलिमीटरमध्ये तेच घर्षण किलोमीटरला एक मीटरच्या आसपास येते. म्हणून टाकीपासून खिंडीपर्यंत ६३ आणि बाकी सगळीकडे ४०, असे ठरले. खिंडीच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह.

थोडक्यात, टाकीची खालची हद्द वरचा टप्पा आणि पुढचा चढ मिळून ठरवतात, वरची हद्द खालच्या टप्प्यातला नाला ठरवतो. या दोन हद्दींमध्ये पट्टीच उरली नाही, तर टाकी एक वाढवायची किंवा लाइनची वाट बदलायची.

उंची मोबाइलवर मोजली तर चालेल?

चालणार नाही. मोबाइलची उंची १०-२० मीटरने सहज चुकते, दाट झाडीत त्याहून जास्त. २० मीटर म्हणजे २ किलो, आणि वरची पाच मीटरची पट्टी आठवा. ऑटो लेव्हल लावा. ते मिळत नसेल तर गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी घेऊन दोन माणसे चिकाटीने डोंगर उतरू शकतात. वेळ जातो, पण आकडा खरा मिळतो.

पाइपवर पीएन १० छापले आहे, म्हणजे १०० मीटर. मग ७५ वर का थांबता?

हा प्रश्न इतवारीतल्या पाइपच्या दुकानातही होतो आणि मंजुरीच्या टेबलावरही होतो, कारण पंचवीस मीटर जास्त धरले तर कुठे कुठे एखादी टाकी वाचते.

पीएन १० हा आकडा २० अंश तापमानासाठी आहे. एचडीपीई तापला की मऊ पडतो. ३० अंशाला त्याची ताकद ०.८७ पट धरतात, ४० अंशाला ०.७४ पट. पीएन १० म्हणजे १० बार, नेमके मोजले तर १०२ मीटर; तो पाइप ४० अंशाला ७५ मीटरचा होतो. मीटरभर खोल गाडलेल्या पाइपला आपल्याकडे तीस अंशांच्या आसपासचे तापमान मिळते. पण डोंगरात जिथे कातळ लागतो तिथे पाइप उघडाच टाकलेला असतो, आणि मे महिन्यात आपल्या विदर्भातल्या उन्हात काळ्या पाइपला हात लावून बघा. रात्री पाणी उभे असते तेव्हा गारवा असतो हे खरे. मात्र दुपारी टाकी भरून व्हॉल्व्ह बंद झाला तर उभे पाणी आणि तापलेला पाइप दोन्ही एकदम येतात.

दुसरे कारण धक्क्याचे. व्हॉल्व्ह झटकन बंद केला की वाहते पाणी आदळते. आपल्या उदाहरणात ४० च्या पाइपमध्ये वेग सेकंदाला अर्धा मीटर आहे, तेवढ्यानेही सहज १५ मीटर दाब क्षणभर वाढतो. वेग दुप्पट तर धक्का दुप्पट.

जीआय पाइप वापरला तर मर्यादा वेगळी, तिथे पाइप तग धरतो आणि आधी दुर्बळ पडतात ते व्हॉल्व्ह, युनियन आणि नळाच्या तोट्या.

टाकी केवढी बांधायची? आत काय काय लागते?

ही साठवणीची टाकी नाही. आतून एक मीटर लांब, रुंद आणि उंच एवढी पुरते. मोठी बांधली की गाळ साचतो आणि पोरे पोहतात.

आत सर्वांत नाजूक जागा म्हणजे पाणी येण्याचे तोंड. पहिल्या टाकीपाशी ७५ मीटरपैकी घर्षणात नऊ-दहाच खर्च होतात, उरलेल्या ६५ मीटर दाबाने पाणी आत येते. त्या धारेने समोरचे प्लास्टर दोन पावसाळ्यांत उकरलेले मी पाहिले आहे. तोंड एल्बो लावून खाली वळवा आणि त्याखाली एक दगडी लादी ठेवा.

त्या तोंडावर बॉल कॉक हवा, आणि तो घरच्या टाकीतला नको. हिशेब करून बघा. बॉल कॉकचे भोक १२ मिलिमीटरचे असेल तर ७५ मीटरच्या दाबाला ते बंद ठेवायला सुमारे साडेआठ किलो जोर लागतो. दांडी दहाला एक असली तरी चेंडूने ८५० ग्रॅम उचलायला हवेत. चार इंची चेंडू पूर्ण बुडाला तरी ५०० ग्रॅमच उचलतो. म्हणून तो कधीच पूर्ण बंद होत नाही आणि लोक म्हणतात माल खराब निघाला. पितळी हाय प्रेशर बॉल कॉक घ्या आणि भोक ६ मिलिमीटरचे ठेवा. मग जोर दोन किलोवर येतो, चार इंची चेंडूही पुरतो, आणि ६५ मीटर दाबाला त्या बारीक भोकातून सेकंदाला साधारण ०.६ लिटर पाणी जाते. आपल्याला अर्धाच हवा आहे. एकाच भोकाने प्रवाहही आवरला आणि दाबही अडवला. फक्त झऱ्यापाशी जाळी चांगली हवी, नाहीतर एक पान आले की गाव कोरडे.

बाहेर जाणारा पाइप तळापासून दहा-पंधरा सेंटीमीटर वर घ्यायचा, म्हणजे गाळ पुढे जात नाही. त्याच्यावर पाण्याची उंची किमान अर्धा मीटर राहू द्यायची, नाहीतर भोवरा होऊन हवा ओढली जाते. सांडव्याचा पाइप येणाऱ्या पाइपपेक्षा एक माप मोठा आणि त्याला व्हॉल्व्ह अजिबात नाही. तळाला धुण्याची प्लगवाली नळी, वर कुलूप लागणारे झाकण. एवढेच.

बॉल कॉक लावलाच नाही तर?

पाइप फुटणार नाही, कारण टाकी उघडीच आहे. पण गावातली टाकी भरल्यावर पाणी दुसऱ्या बीपीटीच्या सांडव्यातून डोंगरावर वाहून जाईल. पावसाळ्यात कोणाला फिकीर नसते. एप्रिलमध्ये झरा आटत आला की हाच सांडवा भांडणाचे कारण होतो. बॉल कॉक असेल तर खालची टाकी भरली की दुसरी बीपीटी भरते, मग पहिली, आणि शेवटी झऱ्याचा चेंबरच भरून वाहतो. पाणी जिथले तिथे राहते.

टाकी धुताना पुरवठा थांबू नये म्हणून बायपास द्यावा का?

देऊ नका. हे मी अनुभवाने सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका योजनेत आम्हीच बायपास दिला होता, टाकीच्या शेजारून दोन गेट व्हॉल्व्ह लावून. सोय म्हणून. दोन वर्षांनी तिथल्या पाणीवाल्या भाऊंनी टाकी धुतली, बायपास उघडला आणि संध्याकाळी बंद करायचा राहिला. काही बिघडले नाही, उलट खाली पाणी जोरात आले. लोक खूश. रात्री टाकी भरली आणि पहाटे नाल्यातले कॉम्प्रेशन फिटिंग सुटले. तीन दिवस गाव विहिरीवर. दोष त्या माणसाचा नव्हता. बायपास उघडा असताना बीपीटी नकाशात असते, पाण्याच्या दृष्टीने नसतेच. वरच्या टाकीतून नाल्यापर्यंत पाणी एकसंध उभे राहते.

टाकी धुवायला दोन तास लागतात. दोन तास पाणी बंद ठेवा.

टाकीऐवजी पीआरव्ही बसवला तर? जागा वाचते.

पीआरव्ही, म्हणजे दाब उतरवणारा व्हॉल्व्ह, शहरात ठीक आहे. नागपुरात त्याला बघायला माणूस, सुटे भाग आणि गाळलेले पाणी मिळते. डोंगरात त्याच्या आतल्या बारीक नळीत वाळूचा कण अडकला की तो उघडाच राहतो आणि सगळा दाब गुपचूप खाली जातो. बीपीटी बिघडली तर सांडव्यातून पाणी वाहताना अर्धा डोंगर बघतो. मला बिघाड दिसणारे साधन जास्त विश्वासाचे वाटते.

नळाला पाणी फुरफुरत, हवा थुंकत येते. बीपीटीमुळे का?

कधी कधी. झरा अर्धा लिटर देतो, पण उतार आणि व्यास बघता पाइप त्याहून कितीतरी जास्त ओढू शकतो. आपल्या उदाहरणात पहिल्या टप्प्यात ६३ चा पाइप मोकळा सोडला असता तर त्याने सेकंदाला चार लिटरहून जास्त ओढले असते. एवढे पाणी वर नाही, म्हणून पाइप वरच्या भागात अर्धा रिकामा चालतो आणि हवा घेऊन उतरतो. टाकीत बघा: पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडापर्यंत उतरले असेल आणि गुडगुड आवाज येत असेल, तर हेच आहे. खालच्या टप्प्याच्या शेवटी व्हॉल्व्ह हळूहळू आवळत जा, टाकीतली पातळी वर येऊन स्थिर होईपर्यंत. टाकीत पाणी भरपूर असूनही हवा येत असेल तर खिंडीतला एअर व्हॉल्व्ह उघडून बघा, बहुधा मुंग्यांनी घर केलेले असते.

टाक्या नीट काम करताहेत हे वर न चढता कळते का?

बरेचसे कळते. नाल्यातल्या वॉशआउटवर, म्हणजे लाइन धुवायच्या व्हॉल्व्हवर, एक टी देऊन ० ते २५ किलोचा गेज लावता येईल अशी सोय ठेवा. गावातल्या टाकीचा व्हॉल्व्ह हळू बंद करा, अर्धा तास थांबा आणि वाचा.

साडेसात किलो आले तर सगळे ठीक, कारण ७१५ वजा ६४०. साडेचौदाच्या दिशेने काटा चढत असेल तर दुसरी टाकी कोणीतरी ओलांडली आहे, पाणी ७८५ पासून उभे राहते आहे. ताबडतोब वॉशआउट उघडा. बावीसकडे निघाला तर दोन्ही गेल्या, पण इतका वेळ पाइप बहुधा थांबत नाही. साडेसातच्या खाली, समजा पाचवर, काटा थांबून राहिला तर पाइप दुसऱ्या टाकीपर्यंत भरलेलाच नाही. सुमारे ६९० च्या पातळीवर गळती आहे आणि तेवढे पाणी तिथून निसटते आहे. गळतीची पातळी अशी गेजवरून आधी कळली की शोधायला अख्खा डोंगर पालथा घालावा लागत नाही. काटा साडेसातला येऊन सावकाश उतरू लागला तर गळती बारीक आहे किंवा वॉशआउटचा व्हॉल्व्हच झिरपतो आहे. तो आधी बघा, कारण तो पायाशी आहे.

झाकणाला कुलूप कशाला? जंगलात कोण येते?

गुराखी येतो. मे महिन्यात त्याला तहान लागते, तो झाकण उघडून पाणी पितो आणि बॉल कॉकचा चेंडू हाताने दाबून धार सोडतो. शेजारी गुरांसाठी सांडव्याखाली एक छोटे डोणे बांधून दिले आणि त्याला बारीक तोटी दिली, तर कुलूपही टिकते.